बुडातून गळणारं भांडं आणि झाकणाखालची वाफ

मिक्सरच्या भांड्याखाली ओट्यावर पाण्याचं कडं उमटलं की पहिली शंका येते ती भांडं चिरल्याची. स्टीलचं भांडं असं सहसा चिरत नाही. मुळात त्याच्या बुडाला कारखान्यातच भोक पाडलेलं असतं. त्या भोकातून पात्याचा दांडा खाली उतरतो आणि मोटरवरच्या कपलरमध्ये बसतो. मिनिटाला 18 ते 20 हजार फेरे घेऊ शकणाऱ्या या दांड्याभोवती पाणी अडवून धरायचं, एवढंच काम बुडातल्या दोन-तीन छोट्या वस्तूंना असतं, आणि गळतीचं कारण बहुतेक वेळा त्यांच्यातच सापडतं.

त्यातली एक म्हणजे रबराची रिंग, म्हणजे दुकानदार वॉशर किंवा गॅस्केट म्हणतो ती. ती फिरत नाही. भांडं आणि पात्याची बैठक यांच्यामधली फट दाबून बंद करते. दुसरी म्हणजे बुश. दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो ती ही नळी, आणि तिच्यासोबत दांड्याला घट्ट धरणारं बारीक सील. रिंग जागेवर बसल्या बसल्या म्हातारी होते, बुश फिरून फिरून झिजतं. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे दुकान गाठण्याआधी कोण गळतंय ते ओळखावं.

त्यासाठी मिक्सर चालू करायची गरज नाही. भांडं बाहेरून कोरडं पुसा, अर्धं पाणी भरा आणि मोटरपासून दूर, वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून द्या. पंधरा-वीस मिनिटांनी उचलून आधी भांड्याचं बूड आणि मग कागद बघा. थेंब बुडाच्या कडेशी, आटे असतील तिथे जमला असेल, तर संशय रिंगवर. बरोबर मध्यभागी, कपलरभोवती ओल असेल तर बुश किंवा त्याचं सील. उभं असताना कागद कोरडा, पण वाटताना मात्र ओघळ येतो, हेही बुशचंच लक्षण. मग रिकाम्या भांड्यात फडक्याने पातं धरून आडवं हलवून पाहा. वर-खाली किंचित हलणं चालतं; डावी-उजवीकडे खुळखुळलं तर बुश गेलं. चटणीत पात्याजवळ काळपट रेघ दिसू लागली असेल तर ती झिजलेल्या बुशची आणि ग्रीसची. असं भांडं त्याच दिवशी बाजूला ठेवावं.

रिंगचा मामला जास्त सोपा आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. ज्यूसच्या उंच भांड्याचं बूड आटे फिरवून निघतं. धुवायला सगळं सुटं केलं की परत जोडताना क्रम बदलतो. खालून वर असा क्रम ठेवायचा: आधी आट्यांचं कडं, त्यात पात्याची बैठक, बैठकीच्या वरच्या पसरट काठावर रिंग, आणि तिच्यावर भांड्याची किनार. रिंग भांड्याच्या किनारीला थेट भिडली पाहिजे. ती चुकून बैठकीच्या खाली, कड्याच्या बाजूला गेली तर कडं कितीही आवळा, पाणी येणारच. कारण जी फट बंद करायची ती उघडीच राहते. गळतंय म्हणून जोर लावून आवळणं तर उलटं पडतं. रिंग पिळवटते, एका बाजूने खोबणीबाहेर येते आणि थेंबाची धार होते.

रिंग चांगली आहे का, हे बोटाला कळतं. खोबणीत बसवल्यावर ती काठापेक्षा थोडी वर उचललेली असावी आणि दाबून सोडली की परत वर यावी. काठाशी सपाट झालेली, कडक झालेली किंवा फुगून खोबणीत न मावणारी रिंग बदलावी. साध्या रबराला तेल सोसत नाही, शेंगदाणे आणि खोबरं वाटून ते फुगतं. बदलताना जुनी रिंग सोबत न्या. नुसत्या भांड्याच्या मापावरून घेतलेली रिंग जाडीत फसते. आणि खोबणीत अडकलेला मिरचीच्या बीचा एक कणसुद्धा गळतीला पुरतो, म्हणून नवी आणण्याआधी खोबण ब्रशने साफ करून पाहा. एम-सील किंवा झटपट चिकटणारा गोंद मात्र नको. तो खाण्याच्या वस्तूला लागतो आणि पुढची दुरुस्तीही अवघड करतो.

स्टीलच्या बहुतेक भांड्यांत बुश घरी निघत नाही, ते दुरुस्तीवाल्याकडूनच बदलून घ्यावं. तोवर गळकं भांडं चालवू नये. पाणी कपलरच्या बाजूने मोटरमध्ये उतरतं, बेअरिंग गंजतं, आणि ओल्या यंत्राला हात लागला तर विजेचा झटका बसू शकतो. पाणी सांडलंच तर आधी प्लग काढा, मग पुसा.

आता गरम वाटण्याकडे वळू. कांदा-खोबरं भाजून कढईतून थेट भांड्यात टाकायचं, किंवा सारासाठी उकडलेले टोमॅटो वाफाळते असतानाच फिरवायचे, ही सवय रिंगलाही महाग पडते. उष्णतेने रबर कडक होतं, बुशमधलं ग्रीस पातळ होतं आणि वाढलेला दाब पाण्याला खालच्या फटींतून ढकलतो. पण खरा धोका वर, झाकणाशी असतो.

गरम सार भांड्यात नुसतं असतं तेव्हा वाफ फक्त वरच्या थरातून निघते. पातं फिरलं की त्याचे थेंब वरच्या हवेत उडतात, हवा क्षणात तापते आणि वाफेने भरते. हिशोब करून पाहू. भांड्यातली हवा 30 अंशांची, सार 90 अंशांचं आणि झाकण घट्ट. हवा तापून तिचा दाब साधारण 1.2 पट होतो, आणि 90 अंशांच्या पाण्याची वाफ आणखी 0.7 वातावरणाएवढा दाब घालते. म्हणजे बाहेरच्यापेक्षा आत सुमारे 0.9 वातावरण जास्त. झाकण 10 सेंटीमीटर रुंद असेल तर त्याला खालून बसणारा रेटा सत्तर किलोच्या घरात जातो. व्यवहारात झाकण एवढं बंद नसतं आणि सार ओततानाच हवा तापलेली असते, म्हणून प्रत्यक्ष रेटा बराच कमी भरतो. पण त्याचा दहावा भाग, सात किलो, अचानक तळहाताखाली आला तरी झाकण निसटतं आणि उकळतं सार हातावर, चेहऱ्यावर येतं. 60 अंशांना हाच कमाल रेटा तेवीस-चोवीस किलोंवर येतो. थांबण्याचा फायदा इतका मोठा आहे.

म्हणून वाटण परातीत पसरवा आणि बोट बिनधास्त टेकवता येईपर्यंत थांबा. घाईच असेल तर पातेल्यातच हँड ब्लेंडर चालवणं बरं, तिथे वाफ कोंडत नाही. उभ्या भांड्यातच करायचं झालं तर ते एक तृतीयांशाहून जास्त भरू नका, झाकणाच्या मधली छोटी टोपी काढा, त्या भोकावर जाड फडकं सैल धरा आणि सर्वांत कमी वेगाला थोडं थोडं फिरवा.

उलटं करून मोटरवर बसवतात ती आट्यांच्या बंद झाकणाची छोटी भांडी मात्र गरम पदार्थासाठी नाहीतच. त्यांत वाफेला वाट नसते, आणि दाब मोकळा होतो तो नेमका आपण झाकण फिरवताना. चुकून तसं झालंच तर प्लग काढा, भांड्याला हात न लावता ते आपोआप पूर्ण गार होऊ द्या, आणि मगच तोंड आपल्यापासून दूर धरून उघडा. भाजलं तर त्या जागी टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता वीस मिनिटं नळाचं थंड पाणी सोडा.