‘बाकी बरोबर आहे’ असं लिहिण्याआधी वही उघडा



मार्च संपला की काही गटांना दुकानदाराकडून एक पत्र येतं. ‘३१ मार्चअखेर आमच्या वहीप्रमाणे आपल्या खात्यावर इतकी बाकी आहे, बरोबर असल्यास सही करून पाठवा.’ याला बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी पडताळणीचं पत्र म्हणतात. दुकानदाराच्या ऑडिटरला ते लागतं. आपण मात्र ते घाईत सही करून देतो, नाहीतर फाईलला लावून मोकळ्या होतो.

यावल तालुक्यातल्या एका गटाचं उदाहरण घेऊ. गट केळी वेफर्स करतो आणि धुळ्याच्या एका दुकानाला उधारीवर देतो. पत्रात लिहिलं होतं, ‘आपल्या खात्यावर २९,६५० रुपये जमा बाकी.’ एक ताई म्हणाली, “पैसे बँकेत जमा झाले वाटतं!” तसं नाही. वही त्यांची आहे. त्यांच्या वहीत आपण जमेला, म्हणजे ते आपलं देणं लागतात. आपल्या खातेवहीत तीच रक्कम त्या दुकानाच्या नावे दिसते. त्यांची जमा म्हणजे आपलं येणं.

मग खातेवही उघडली. दुकानाच्या पानावर येणं होतं ३८,४०० रुपये. इथे एक सांभाळायचं. पत्र एप्रिलच्या मध्यावर हातात आलं तरी बाकी ३१ मार्चचीच काढायची. आजची बाकी लावली तर जुळणारच नाही.

फरक आला ८,७५० रुपयांचा. मी त्यांना सांगितलं, भांडायच्या आधी दुकानातून खातेउतारा मागवा. उतारा आल्यावर एकीने त्यांची ओळ वाचायची, दुसरीने आपली वही बघायची आणि जुळली की दोन्हीकडे पेन्सिलने टिक करायची. शेवटी तीनच ओळी उरल्या.

पहिली ६,००० रुपयांची. माल ३० मार्चला निघाला, बिल आपण त्याच दिवशी लिहिलं. माल दुकानात २ एप्रिलला उतरला, म्हणून त्यांनी एप्रिलमध्ये धरला. चूक कुणाचीच नाही, पण त्यांच्या एप्रिलच्या उताऱ्यात ते बिल आलंय का, हे पाहायचंच.

दुसरी ७५० रुपयांची. फाटलेली पाकिटं त्यांनी परत पाठवली होती. पाकिटं घरी आली, पण वहीत कुणी लिहिलीच नाहीत. ही आपली चूक.

तिसरी २,००० रुपयांची. उताऱ्यात होतं, ‘१८ मार्च, रोख दिले.’ आपल्या पानावर ती ओळच नाही. वसुलीला गेलेल्या ताईकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. ती रडवेली झाली. आम्ही पावतीपुस्तक काढलं, तर पावतीची स्थळप्रत होती. रोजकिर्दीत त्याच तारखेला २,००० जमा होते. फक्त खतावणी करताना रक्कम दुसऱ्याच दुकानाच्या पानावर चढली होती. पैसे पेटीत आले होते, पान चुकलं होतं. म्हणून नुसत्या खातेवहीवरून कुणावर संशय घेऊ नका. आधी पावती, मग रोजकीर्द, मग खातेवही. आणि चूक दोन्ही पानांवर सुधारा, कारण त्या दुसऱ्या दुकानाचं येणं २,००० रुपयांनी कमी दिसत होतं.

आता हिशोब बघा. आपले ३८,४०० वजा ७५० वजा २,००० म्हणजे ३५,६५०. त्यांचे २९,६५० अधिक वाटेतल्या मालाचे ६,००० म्हणजे ३५,६५०. जुळलं!

उत्तर देताना गटाने ‘बाकी बरोबर’वर सही केली नाही. लिहिलं, ‘३१ मार्चअखेर आमच्या वहीप्रमाणे येणे ३५,६५० रुपये. फरक ६,०००, ३० मार्चचे बिल.’ सोबत बिलाची झेरॉक्स लावली. अध्यक्ष-सचिवांची सही, शिक्का आणि एक प्रत आपल्या फाईलला. पत्रात उत्तराची मुदत असते. ‘उत्तर न आल्यास बाकी मान्य समजू’ असंही छापलेलं असतं. त्यामुळे गप्प बसू नका.

तेलवाला किंवा पाकीटवाला व्यापारी पत्र पाठवतो, तेव्हा उलट असतं. त्याचं येणं म्हणजे आपलं देणं. तिथे बघायचं, त्याने धरलेला प्रत्येक माल आपल्याकडे खरंच उतरला का, आणि आपण दिलेले पैसे त्याने वजा केले का.

सहीला एवढं जपायचं कारण कायद्यात आहे. उधारीच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने देणं लेखी मान्य करून सही केली, तर १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे त्या सहीपासून मुदत नव्याने मोजतात. म्हणून दुकानदाराची सही असलेलं पत्र जपून ठेवा, आणि व्यापाऱ्याच्या पत्रावर आपली सही वही जुळल्यावरच करा.

पुढच्या बैठकीला येताना पत्र, खातेवही आणि पावतीपुस्तक तिन्ही आणा. सोबत बसून टिका करू.

— तुमची क्षेत्र समन्वयक