चाळीस मुलांना वाचून दाखवायचं पुस्तक

तिसरीच्या वर्गात वाचून दाखवायचं पुस्तक निवडताना आपण बहुतेक वेळा आधी चित्रं बघतो. तिथेच गडबड होते. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ एका मुलाला जवळ घेऊन दाखवायला फार सुंदर. पण शेवटच्या बाकावरून चित्र दिसत नाही. मग “बाई, मला दिसत नाही!” सुरू होतं आणि गोष्ट राहते बाजूला. म्हणून मी आधी चित्रं झाकून नुसता मजकूर मोठ्याने वाचून बघते. गोष्ट तेवढ्यावर कळली, तरच ते पुस्तक वर्गात न्यायचं.

मग बघायचं, मुलांना बोलायला जागा आहे का. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. वाटेत एकेक प्राणी अडवतो, म्हातारी तेच उत्तर देते. तिसऱ्या वेळी अख्खा वर्ग तिच्या वतीने बोलतो. सगळ्यात चुळबुळी मुलं तर सगळ्यात मोठ्याने! लांबलचक वर्णन आलं की मात्र पेन्सिली खाली पडायला लागतात. असे परिच्छेद आदल्या दिवशीच गाळून ठेवावेत.

भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’सारखं मोठं पुस्तक घेतलंत, तर घरी घड्याळ लावून दहा मिनिटं वाचा. साधारण हजार शब्द होतात. सुरुवातीला तेवढंच पुरे. थांबायची जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा. प्रकरणाच्या शेवटी नको. फेणे अडचणीत सापडला, की तिथेच पुस्तक मिटायचं.