जड बादली, महाग बादली

हॉटेलातलं सालपट, उष्टं आणि उरलेली भाजी रात्री एकाच पिंपात जाते. त्यामुळे पैसा नेमका कुठे वाया गेला, हे मालकालाही सांगता येत नाही. कचऱ्याच्या ऑडिटमध्ये पहिलं काम म्हणजे हे पिंप फोडून तीन बादल्या करणं: चिरताना-निवडताना निघालेलं, पातेल्यात उरलेलं आणि ताटातून परत आलेलं. कोठीत सडलेला माल वहीत वेगळा लिहायचा. रिकाम्या बादलीचं वजन आधी घ्यायचं, पुढे आठवडाभर, शनिवार-रविवार धरून, प्रत्येक बादली काट्यावर ठेवायची. उरलेली आमटी आणि ताक मोरीत ओतण्याआधी मोजलं नाही, तर ते हिशेबात येतच नाही.

समजा, दिवसाला २०० थाळ्या जाणारी एक खानावळ आहे. तिथे रोज चिरण्याच्या बादलीत १५ किलो, ताटांच्या बादलीत ८ किलो (बहुतेक भात) आणि पातेल्यांच्या बादलीत ४ किलो पनीरची भाजी निघते. पहिली बादली सगळ्यात जड, पण तिच्यात मटारच्या शेंगा आणि कांद्याची सालं. ती टळण्यासारखी नाहीत. भाताचं वजनही फसवं असतं. एक किलो तांदळाचा साधारण तीन किलो भात होतो, बाकीचं पाणी. म्हणजे ८ किलो भातात तांदूळ जेमतेम पावणेतीन किलो. ४५ रुपये भावाने सव्वाशेच्या आत. पनीरच्या भाजीला मात्र किलोमागे २२० रुपये माल लागत असेल, तर त्या हलक्या बादलीत ८८० रुपये गेले.

आता कारण शोधायचं. पातेल्यात किती वाजता किती भाजी उरली, हे लिहिलं की दिसतं: रात्री साडेनऊलाही आचारी दुपारच्याच मापाने भाजी करतो, कारण पातेलं तेवढंच आहे. उपाय साधा आहे. ग्रेव्ही तयार ठेवायची आणि शेवटच्या तासात पनीर मागणीप्रमाणे छोट्या कढईत घालायचं. उरणारी भाजी एका किलोवर आली, तर रोजचे ६६० रुपये, महिन्याला वीसेक हजार वाचतात. भाताचं दुखणं वेगळं, ते वाढप्याच्या हातात आहे. न विचारता दुसऱ्यांदा वाढलेला भातच बहुधा परत येतो.

आकडे दोन ठिकाणी दगा देतात. काटा आला की आचारी सावध होतो, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांच्या नोंदी मी तरी हिशेबात धरणार नाही. आणि कामगारांच्या जेवणात गेलेली भाजी वाया गेलेली नसते. पण ती लिहिली नाही, तर जास्तीचा स्वयंपाक तिच्याआड लपतो.

महिन्याने पुन्हा मोजताना एकूण किलोंची तुलना करू नये. श्रावणात शाकाहारी थाळीला गर्दी वाढते, परीक्षांच्या दिवसांत कॉलेजजवळची गिऱ्हाइकं घटतात, आणि कचराही त्यांच्याबरोबर वर-खाली होतो. त्यामुळे वजनाला थाळ्यांच्या संख्येने भागायचं. वरच्या खानावळीत ताटातलं उष्टं थाळीमागे ४० ग्रॅम आहे. पुढच्या महिन्यात ताडून पाहायचा आकडा हा.