फॉल्स सीलिंगच्या वरचे ८०० मिलिमीटर

इमारतीचे बिम मॉडेल म्हणजे तिच्या प्रत्येक भागाची माहितीसह केलेली त्रिमितीय मांडणी. वास्तुविशारदाचे मॉडेल वेगळे असते, स्ट्रक्चरचे वेगळे, वातानुकूलनाचे, प्लंबिंगचे, विजेचे आणि अग्निशमनाचेही वेगळे. ही मॉडेले कोणी, किती तपशिलाने आणि कोणत्या दिवशी द्यायची, ती एकत्र ठेवल्यावर कशाला चूक म्हणायचे आणि ती कोणी दुरुस्त करायची, हे ठरवणारा लेखी दस्तऐवज म्हणजे बिम एक्झिक्युशन प्लॅन. व्यवहारात त्याला ‘बेप’ म्हणतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या मानकमालेत असा आराखडा कंत्राट देण्यापूर्वी एकदा आणि दिल्यानंतर सविस्तर पुन्हा एकदा करणे अपेक्षित आहे. अनेक कार्यालयांत मागच्या प्रकल्पाचा बेप उचलून त्यावरचे नाव तेवढे बदलतात. अशा बेपची किंमत फॉल्स सीलिंगच्या वर मोजावी लागते.

रुग्णालयातला एक साधा कॉरिडॉर घेऊ. मजल्यापासून मजल्यापर्यंत उंची ४२०० मिलिमीटर, स्लॅबसह तुळई ६०० मिलिमीटर. म्हणजे तुळईच्या खाली ३६०० मिलिमीटर उरतात. फॉल्स सीलिंग २७०० मिलिमीटरवर हवे. सीलिंगची चौकट आणि दिवे यांना १०० मिलिमीटर सोडले की सगळ्या सेवांच्या वाट्याला ८०० मिलिमीटर येतात. कॉरिडॉरची रुंदी २४०० मिलिमीटर आहे. या जागेतून ९०० बाय ४०० मिलिमीटरचा हवेचा डक्ट, वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहांची ११० मिलिमीटरची सांडपाण्याची पाइप, ४५० मिलिमीटर रुंदीचा केबल ट्रे आणि थंड पाण्याच्या दोन पाइप जायच्या आहेत.

सांडपाण्याची पाइप इथली सर्वांत हट्टी. पाणी उतारानेच वाहते, त्यामुळे तिला अडथळा चुकवण्यासाठी वर उचलता येत नाही. ८० मिलिमीटरला १ मिलिमीटर असा उतार धरला, तर शाफ्टपर्यंतच्या १६ मीटरमध्ये ती २०० मिलिमीटर खाली येते. म्हणजे ११० मिलिमीटरची पाइप शेवटाला ३१० मिलिमीटर उंची खाते. तिच्याखाली डक्ट: चारही बाजूंनी २५ मिलिमीटर इन्सुलेशन धरून त्याची उंची ४५०. दोन्ही मिळून ७६०. कागदावर ४० मिलिमीटर उरतात आणि सगळे बसल्यासारखे वाटते.

तपशिलाच्या पातळीचा म्हणजे एलओडीचा प्रश्न इथे येतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने २००८ मध्ये आपल्या करारपत्रात १०० ते ५०० अशा पातळ्या मांडल्या. पुढे बिमफोरमने त्यांत ३५० ही मधली पातळी घातली. एलओडी १०० म्हणजे ‘इथे डक्ट आहे’ एवढीच नोंद. २०० मध्ये अंदाजे आकार आणि अंदाजे जागा. ३०० मध्ये आकार, मार्ग आणि पातळी नक्की. ३५० मध्ये त्या घटकाचा शेजारच्या घटकांशी येणारा संबंधही दाखवायचा: आधार, फ्लँज, जोड, भिंतीतली स्लीव्ह. ४०० म्हणजे त्यावरून कारखान्यात घटक बनवता यावा इतका तपशील, आणि ५०० म्हणजे जागेवर पडताळलेली स्थिती.

एलओडी घटकाची विश्वासार्हता सांगतो, त्याचे देखणेपण नव्हे. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या व्हॉल्व्हवर नट-बोल्टही दिसतात. पण तो व्हॉल्व्ह खरेदी व्हायचाच आहे हे नक्की नसेल, तर तो २०० च्याच पातळीचा. शिवाय एलओडी अख्ख्या मॉडेलचा नसतो, प्रत्येक प्रकारच्या घटकाचा असतो. ‘सर्व मॉडेल एलओडी ४०० मध्ये द्यावे’ हे निविदांमध्ये हौसेने लिहिलेले वाक्य म्हणूनच निरुपयोगी ठरते. चांगल्या बेपमध्ये एक तक्ता असतो: कोणता घटक, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या पातळीचा आणि त्याची जबाबदारी कोणाची. सल्लागार डक्ट ३०० पर्यंत आणतो. आधार आणि फ्लँज कोणत्या बनावटीचे हे त्याला माहीत नसते, म्हणून ३५० कंत्राटदाराच्या वाट्याला येते. थंड पाण्याच्या मोठ्या पाइपला ३५० हवेच. भिंतीवरच्या बटणापर्यंत जाणाऱ्या २० मिलिमीटरच्या कन्ड्युइटला मॉडेलमध्ये नाही घेतले तरी चालते, मात्र तसे लिहून ठेवावे लागते.

आता कॉरिडॉरमधला डक्ट ३५० वर नेऊन पाहू. त्याच्याखाली आधाराचा ४१ मिलिमीटरचा चॅनल येतो. डक्टचे फ्लँज इन्सुलेशनच्याही बाहेर थोडे डोकावतात, पाइपच्या जोडावरची कॉलर पाइपपेक्षा जाड असते. दोन्हींना मिळून २० मिलिमीटर धरू. ७६०, ४१ आणि २० यांची बेरीज ८२१ होते. जागा ८००. एलओडी ३०० च्या मॉडेलमध्ये जिथे ४० मिलिमीटर शिल्लक होते, तिथे २१ मिलिमीटर कमी पडतात. तेही सबंध कॉरिडॉरभर नाही, पाइप सर्वांत खाली आलेली असते त्या शेवटच्या दोनेक मीटरमध्ये. मधल्याच ठिकाणी छेद घेऊन पाहणाऱ्याला हे कधी दिसणार नाही.

ते संगणकाला दिसेल का, हे बेपमधल्या टकरीच्या नियमांवर अवलंबून असते. इथे ‘क्लॅश’ हाच शब्द रूढ आहे. एक घटक दुसऱ्यात घुसला तर हार्ड क्लॅश. घुसला नाही, पण भोवतीची लागणारी मोकळी जागा खाल्ली, तर क्लिअरन्स क्लॅश. प्रत्येक तपासणीला एक सहनमर्यादा असते: तिच्यापेक्षा कमी घुसखोरी सॉफ्टवेअर कळवत नाही. ही मर्यादा सरसकट २५ मिलिमीटर ठेवलेली असेल, तर आपले २१ मिलिमीटर गुपचूप निसटतात. दुसरा धोका असा की वास्तुविशारदाच्या मॉडेलमध्ये सीलिंग म्हणजे बहुधा एक पातळ पत्रा असतो. वरची १०० मिलिमीटरची चौकट त्यात नसतेच. मग डक्टचा आधार कशाला टेकतो हे तपासायला समोर काही राहतच नाही. म्हणून सीलिंगच्या वर तेवढ्या उंचीची पारदर्शक पेटी काढून ठेवावी आणि तिच्याशी होणाऱ्या तपासणीची सहनमर्यादा शून्य ठेवावी, असे बेपमध्ये लिहावे लागते. केबल ट्रेच्या वर केबल टाकायला २५० मिलिमीटर, व्हॉल्व्हचे चाक फिरवायला हात जाईल एवढी जागा, विजेच्या पॅनेलसमोर किमान १ मीटर: या रिकाम्या जागाही अशाच पेट्या करून मॉडेलमध्ये ठेवल्या की त्यांचे रक्षण होते.

कशाची तपासणी कशाशी करायची, हेही ठरवावे लागते. सगळ्यांची सगळ्यांशी केली तर पहिल्या फेरीत हजारो क्लॅश निघतात आणि त्यांतले बहुतेक निरर्थक असतात: पाइप आणि तिचेच इन्सुलेशन, स्लॅबमध्ये मुद्दाम गाडलेली कन्ड्युइट, सीलिंगच्या फरशीतून खाली येणारा स्प्रिंकलर. यांना सूट द्यायची, पण जपून. ‘भिंतीतून जाणाऱ्या पाइपना सूट’ असा नियम केला, तर ज्या भिंतीत छिद्रच दाखवलेले नाही तिथलीही चूक झाकली जाते. सूट छिद्र असेल तरच, असे म्हणावे लागते. काही नियम आकारमानातून पकडता येतच नाहीत. पाण्याची पाइप केबल ट्रेच्या बरोबर वरून नेऊ नये, हे दोघांत अर्धा मीटर अंतर असले तरी लागू असते. अशा गोष्टी माणसाने डोळ्यांनी पाहायच्या.

क्लॅश सापडला की हलायचे कोणी? भांडणे इथे होतात, म्हणून क्रम आधीच लिहून ठेवायचा. तुळई आणि स्तंभ हलत नाहीत. त्यांच्यानंतर उताराची पाइप, मग मोठे डक्ट, मग दाबाने पाणी वाहणाऱ्या पाइप, मग ट्रे, आणि शेवटी जिकडेतिकडे वळवता येणारी कन्ड्युइट. या क्रमाने आपल्या कॉरिडॉरमध्ये डक्टने वाट द्यायची. तो १२०० बाय ३०० चा केला तर आडव्या छेदाचे क्षेत्र तेच राहते आणि इन्सुलेशनसह उंची ३५० होते. एकूण बेरीज ७२१; ७९ मिलिमीटर मोकळे. फुकट मात्र काही मिळत नाही. डक्टचा परीघ २६०० वरून ३००० मिलिमीटर होतो, पत्रा सुमारे १५ टक्के जास्त लागतो, घर्षण वाढल्याने पंख्यावरचा भारही वाढतो. म्हणून हा बदल मॉडेल करणाऱ्याने परस्पर करायचा नसतो. वातानुकूलनाच्या सल्लागाराची संमती लागते. रुंदीही पाहावी लागते: डक्टला १२५० गेल्यावर उरलेल्या ११५० मध्ये ४५० चा ट्रे आणि इन्सुलेशनसह प्रत्येकी २१४ मिलिमीटरच्या दोन पाइप शेजारीशेजारी बसतात, मधल्या फटींना २७२ मिलिमीटर राहतात. बसते, पण ऐसपैस नाही.

क्लॅशचा आकडा दर आठवड्याला कमी होताना दाखवणारा आलेख बैठकीत सगळ्यांना आवडतो. त्यावर भरवसा ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: सहनमर्यादा बदलली का, आणि ‘मान्य’ म्हणून बंद केलेले किती? काहीही न हलवता आकडा खाली आणण्याचे हे दोन सोपे मार्ग आहेत. उलट, एकाच डक्टचा वीस हँगरांशी झालेला क्लॅश हा वीस प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. तो एका गटात बांधून मोजला तरच आकड्याला अर्थ येतो.

या सगळ्याचा पाया मॉडेलची देवाणघेवाण. एकत्र करायची मॉडेले एकाच मूळबिंदूवर बसली पाहिजेत. नेहमीची चूक मजल्याच्या पातळीची: वास्तुविशारद फरशीच्या वरच्या पातळीला शून्य धरतो, स्ट्रक्चरवाला स्लॅबच्या. दोघांत ७५ मिलिमीटरचा फरक असेल, तर एका मॉडेलमधले सगळे तेवढे वर-खाली सरकते आणि ७९ मिलिमीटरची कमाई कागदोपत्रीच जाते. ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रत्येकाने पहिल्या ग्रिडच्या छेदबिंदूवर, ठरलेल्या पातळीवर एक छोटा ठोकळा ठेवून मॉडेल द्यावे. एकत्र केल्यावर सगळे ठोकळे एकावर एक आले नाहीत, तर क्लॅश चालवायच्या आधीच थांबायचे.

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधली मॉडेले आयएफसी या खुल्या स्वरूपात दिली जातात. त्यात बदलताना घटकाचा प्रकार हरवू शकतो: डक्ट IfcDuctSegment म्हणून यायच्या ऐवजी IfcBuildingElementProxy म्हणून येतो. दिसायला तसाच; पण ‘डक्ट विरुद्ध तुळई’ ही तपासणी प्रकारावरून घटक निवडत असेल तर तो तिच्या जाळ्यात सापडतच नाही. क्लॅश शून्य येतात आणि सगळे खूश होतात. म्हणून पहिल्या देवाणघेवाणीत मूळ मॉडेलमधले डक्ट आणि आयएफसीमधले डक्ट मोजून ताडून पाहावेत. प्रश्नांची चर्चा बीसीएफ फायलींतून होते: मॉडेल न पाठवता फक्त शेरा, दृश्य आणि त्या घटकांचे ओळखक्रमांक जातात. प्रत्येक वेळी आयएफसी काढताना हे क्रमांक नव्याने पडत असतील, तर मागच्या आठवड्याचे शेरे कोणत्याच घटकाला चिकटत नाहीत. क्रमांक कायम ठेवण्याची सेटिंग बेपमध्ये नोंदवावी लागते, तसाच आठवड्याचा दिनक्रमही: कोणत्या वारी मॉडेल सामायिक फोल्डरमध्ये, कोणत्या वारी तपासणी, कोणत्या वारी बैठक. काम चालू असलेले मॉडेल आणि इतरांनी वापरावे म्हणून दिलेले मॉडेल यांच्या जागा आयएसओ १९६५० मध्ये वेगळ्या ठेवल्या आहेत. अर्धवट डक्टवर कोणी क्लॅश काढत बसू नये, हा त्यामागचा हेतू.

बेपमधली सर्वांत कडक तारीख मात्र मॉडेलवरून ठरत नाही. तुळईतून किंवा स्लॅबमधून जाणाऱ्या स्लीव्हच्या जागा काँक्रीट ओतण्यापूर्वी पक्क्या व्हाव्या लागतात. त्या दिवसानंतर लागणारे छिद्र कोअर कटिंगने पाडावे लागते आणि त्याला स्ट्रक्चरल सल्लागाराची परवानगी लागते. काँक्रीट झाल्यावर तुळईची खालची पातळी जागेवर पुन्हा मोजायची असते. ती मॉडेलपेक्षा २० मिलिमीटर खाली आली, तर आपल्या ७९ मधले ५९ उरतात आणि काम निभते. पहिल्या, ४० मिलिमीटर शिल्लक दाखवणाऱ्या मांडणीत ते निभले नसते.