Explainer: ३१ मार्चला मुख्य कार्यालय आणि शाखेचं खातं का जुळत नाही?

पुण्यात मुख्य कार्यालय आणि नागपुरात शाखा असलेली एक काल्पनिक कंपनी घेऊ. ३१ मार्चला पुण्याच्या वहीत 'नागपूर शाखा' खात्यावर १२,५०,००० रुपये नावे आहेत. नागपूरच्या वहीत 'मुख्य कार्यालय' खात्यावर मात्र १०,००,००० रुपयेच जमा आहेत. ही दोन खाती एकमेकांचा आरसा असायला हवीत. मग अडीच लाख गेले कुठे?

ट्रक आणि कुरिअर

पुण्याने २९ मार्चला २ लाखांचा माल पाठवला आणि त्याच दिवशी शाखेच्या नावे टाकला. ट्रक पोहोचला २ एप्रिलला, त्यामुळे नागपूरने मार्चमध्ये काहीच नोंदवलं नाही. नागपूरने ३० मार्चला ५० हजारांचा डिमांड ड्राफ्ट कुरिअरने पाठवला आणि मुख्य कार्यालयाच्या नावे टाकला. पुण्याला तो ३ एप्रिलला मिळाला.

एक वस्तू इकडून गेली, दुसरी तिकडून आली, म्हणजे फरक वजा होईल असं वाटतं. तसं होत नाही. नोंद नेहमी पाठवणारा आधी करतो. पुण्याने पाठवलं की पुण्याची शिल्लक वाढते, नागपूरने पाठवलं की नागपूरची घटते. दोन्ही वेळा मुख्य कार्यालयाचाच आकडा मोठा राहतो.

शाखेचा आकडा मोठा निघाला, तर वाटेतल्या मालावर खापर फोडता येणार नाही. बहुतेकदा नागपूरच्या ग्राहकाने थेट पुण्याला पैसे भरलेले असतात आणि ते शाखेला कुणी कळवलेलं नसतं.

नोंद कशी होते?

पुण्याच्या वहीत 'मार्गस्थ माल' २,००,००० आणि 'मार्गस्थ रोख' ५०,००० नावे, नागपूर शाखा खाते २,५०,००० जमा. आता दोन्हीकडे १० लाख दिसतात आणि एकत्र ताळेबंदात ते एकमेकांत संपतात. एप्रिलमध्ये ही नोंद उलटवली जाते. ती एकाच वहीत करायची. दोघांनी केली तर अडीच लाखांचा फरक उलट्या बाजूने पुन्हा उभा राहतो.

नोंद राहिली तर २ लाखांचा माल पुण्याच्या गोदामात मोजला जात नाही आणि नागपूरच्याही नाही. माल मूळ किमतीवर २५ टक्के चढवून पाठवला असेल, तर ताळेबंदात तो १,६०,००० रुपयांनाच धरायचा; ४० हजारांचा नफा अजून झालेलाच नाही.

खरंच वाटेत होता का?

ई-वे बिल आणि ट्रकच्या बिल्टीवर मार्चची तारीख हवी, नागपूरच्या आवक रजिस्टरमध्ये एप्रिलची, आणि नग तेवढेच. रकमेसाठी एप्रिलचं बँक स्टेटमेंट पुरतं. इथे थोडा संशय बरा: डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, त्यामुळे मोठी 'मार्गस्थ रोख' दिसली की ती ऑनलाइन का पाठवली नाही, हे आधी विचारावं. एप्रिल अर्धा सरला तरी रक्कम आली नसेल, तर तिला मार्गस्थ म्हणता येत नाही.