घरी रुपये किती पोचले?

मी शारजाला एका इस्पितळात नर्स आहे. आई-बाबा खानापूर तालुक्यातल्या गावी असतात. बाबांना रोजचे इन्सुलिन लागते, शिवाय दर तीन महिन्यांनी बेळगावला तपासणी असते. त्यामुळे महिन्याच्या 5 तारखेच्या आत पैसे पोचवायचे, असा माझा नेम आहे. आईला सुरुवातीला लेकीचे पैसे घ्यायला अवघड वाटे. आता शेजारच्या अक्का "रोक्क बंतेन्री?" म्हणून विचारतात, तेव्हा ती खुशाल "बंतु, बंतु" म्हणते.

आमच्याकडच्या मुली नवीन आल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, फुकटात पैसे कुठून जातात?" दुकानाच्या दारावर 'शुल्क शून्य' असा फलक असतो खरा, पण पैसे पाठवणारा आपली कमाई दोन ठिकाणी काढतो. एक उघड शुल्कात आणि दुसरी दरात. बाजारात दिरहमचा जो मधला दर चालू असतो, त्याहून थोडा कमी दर आपल्याला मिळतो. हा फरक पावतीवर कुठेच लिहिलेला नसतो.

हिशेब सोपा जावा म्हणून मधला दर 24 रुपये धरू. एक दुकान शुल्क घेत नाही, पण 23 रुपये 60 पैसे दर देते. दुसरे 23 रुपये 90 पैसे देते, मात्र 20 दिरहम शुल्क आणि त्यावर 5 टक्के व्हॅट, असे 21 दिरहम कापते. माझ्या हातात 2000 दिरहम आहेत. पहिल्या दुकानातून घरी 47,200 रुपये जातील. दुसऱ्यातून 1979 दिरहमांचे 47,298 रुपये. म्हणजे शुल्क भरूनही 98 रुपये जास्त. पण हातात 500 दिरहमच असतील, तर पहिल्यातून 11,800 आणि दुसऱ्यातून 11,448. तिथे फुकटवालाच बरा. या दोन दरांत काटा साधारण 1673 दिरहमांवर फिरतो. ठरावीक शुल्क लहान रकमेला जड जाते, तर दरातला फरक मोठ्या रकमेला. म्हणून काउंटरवर मी शुल्काचे विचारतच नाही. "इतके दिरहम दिले, तर खात्यात रुपये किती पडतील?" एवढेच विचारते. तीन ठिकाणी हाच प्रश्न केला, की उत्तर आपोआप मिळते.

हा आकडा आधी सांगता येतो, कारण एक्स्चेंज हाऊस इथेच दिरहमचे रुपये करून पाठवते. बँकेतून परकीय चलनातच पैसे धाडले, तर वाटेतली बँक आपला वाटा कापू शकते, दर तिकडची बँक लावते आणि रुपये करताना भारतात जीएसटीही लागतो. तो कमीत कमी 45 रुपये असतो. पावतीवर रुपयांचा आकडा छापलेला नसेल, तर घरी किती पोचतील हे पासबुक भरल्यावरच कळणार.

दोन महिन्यांचे एकदम पाठवले, तर एक शुल्क वाचते, वरच्या हिशेबात सुमारे 502 रुपये. घरदुरुस्तीचे पैसे मी असेच साठवून पाठवले. औषधाचे मात्र नाही. काहीजणी रुपया घसरायची वाट बघत बसतात. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या भावाने बांधलेला आहे, म्हणून बातम्यांत रुपया-डॉलर पाहिला की पुरते. पण दर 10 पैशांनी वाढला, तर 2000 दिरहमांवर 200 रुपये सुटतात, आणि तो उलटही फिरू शकतो. तेवढ्यासाठी बाबांनी औषध दुकानात उधारी करायची का? आणि पैसे कमी पडले, तर आई फोनवर कधी सांगायची नाही.

आपल्या भागासाठी आणखी एक सांगते. सिंडिकेट बँक एप्रिल 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली आणि SYNB ने सुरू होणारे जुने आयएफएससी कोड 1 जुलै 2021 पासून बंद झाले. आईवडिलांचे जुने पासबुक पाहून कोड लिहून घेऊ नका, शाखेतून नवा विचारा. कोड 11 अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ओ टाकला, तर कोड चालत नाही. नावही पासबुकावर आहे तसेच लिहायचे. घरी हाक मारायचे नाव इथे उपयोगाचे नाही.

बाबांना आयकराची धास्ती होती. मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना पाठवलेल्या पैशांवर त्यांना कर लागत नाही, रक्कम कितीही असो. ते बँकेत ठेवून व्याज मिळाले, तर ते व्याज मात्र त्यांचे उत्पन्न धरतात. एवढे समजल्यावर त्यांनी एक वही केली. तारीख आणि जमा रुपये ते मराठीत लिहितात, पासबुकाशी ताडून बघतात आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखवतात. माझ्या पावतीवरचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला, की मग तब्येतीच्या गोष्टी सुरू होतात.