परतीचे तिकीट एकेरी तिकिटापेक्षा स्वस्त का असते? : विमानभाड्यातील मूल्यभेदाचा एक अभ्यास

प्रस्तावना

वस्तू अधिक घेतली तर तिची एकूण किंमत अधिक होते, हा व्यवहारातील सर्वमान्य नियम आहे. दोन किलो साखर एका किलोपेक्षा कमी पैशांत मिळाल्याचे कोणी ऐकले नसेल. तथापि आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात हा नियम अनेकदा मोडलेला दिसतो. एकाच मार्गावर, एकाच कंपनीच्या विमानाने केवळ जाण्याचे तिकीट घेतले तर जी रक्कम द्यावी लागते, त्याहून कमी रकमेत जाण्या-येण्याचे तिकीट मिळते. विशेषतः युरोप आणि अमेरिका यांच्या दरम्यान जुन्या, प्रस्थापित विमान कंपन्यांच्या भाड्यांत हा प्रकार दीर्घकाळ आढळत आला आहे.

'घाऊक खरेदीवर सवलत' असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते, परंतु ते अपुरे आहे. सवलतीमुळे दुसरी वस्तू स्वस्त होऊ शकेल, फार तर फुकट मिळेल. दुसरी वस्तू घेतल्यामुळे एकूण बिल कमी होणार नाही. भारतीय रेल्वेने 2025 च्या सणासुदीच्या काळासाठी परतीच्या प्रवासाच्या मूळ भाड्यात 20 टक्के सूट देणारी योजना जाहीर केली होती. ती खऱ्या अर्थाने सवलत होती, कारण तीत जाण्या-येण्याचा खर्च एकेरी खर्चापेक्षा अधिकच राहत होता. विमानभाड्यातील विसंगतीचे कारण वेगळे आहे. प्रस्तुत लेखात त्या कारणाचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला आहे.

मूल्यभेदाची संकल्पना

एकच सेवा वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या किमतीस विकणे आणि त्या फरकामागे उत्पादनखर्चातील फरक नसणे, यास अर्थशास्त्रात मूल्यभेद असे म्हणतात. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 मध्ये मूल्यभेदाचे तीन प्रकार मांडले. ते आजही पदवी वर्गांना शिकवले जातात. मूल्यभेद यशस्वी होण्यास एक अट अत्यावश्यक असते. अधिक किंमत देऊ शकणाऱ्या ग्राहकाला कमी किमतीच्या बाजारात शिरता येता कामा नये. म्हणजेच दोन बाजारांमध्ये कुंपण असले पाहिजे.

कुंपणाची ही कल्पना विमानांपेक्षा जुनी आहे. फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूप्युई यांनी 1849 मध्ये रेल्वेसंबंधी लिहिताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च वाचवणे हा त्यामागील हेतू नव्हता. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्या प्रवाशाने तिसऱ्या वर्गाकडे वळू नये, हा होता. गरिबाला त्रास झाला तो त्याला दुखवावे म्हणून नव्हे, तर श्रीमंताला धाक बसावा म्हणून.

विमान कंपनीपुढेही हाच प्रश्न होता. कामानिमित्त प्रवास करणाऱ्याचे भाडे बहुधा त्याची कंपनी भरते, त्यामुळे त्याची मागणी अलवचिक असते. सुट्टीसाठी जाणारा पर्यटक मात्र भाडे वाढताच बेत रद्द करतो. तिकीटखिडकीवर मात्र दोघांच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. त्यांच्या वागण्यातील एक फरक कंपन्यांनी हेरला. कामाचा प्रवासी सोमवारी जातो आणि शनिवारपूर्वी घरी परततो. पर्यटक आठवड्याची सुट्टी परगावी घालवतो. अमेरिकन एअरलाइन्सने 1977 मध्ये आणलेल्या 'सुपर सेव्हर' भाड्यांना आगाऊ खरेदी आणि किमान मुक्काम अशा अटी होत्या. 1978 मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला. त्यानंतर अशा अटींचा प्रसार झाला आणि 'शनिवारची रात्र मुक्काम' ही अट सर्वपरिचित झाली.

येथेच प्रश्नाची पहिली किल्ली सापडते. मुक्कामाची अट केवळ परतीच्या तिकिटालाच लावता येते. एकेरी तिकिटावरून प्रवासी कधी परतणार हे कंपनीला समजत नाही. म्हणून स्वस्त भाडे हे स्वभावतःच परतीचे भाडे ठरते.

उदाहरणाद्वारे स्पष्टीकरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मार्गावर 200 आसनांचे विमान जाते आणि परत येते. कामासाठी जाणारे 40 प्रवासी जाण्या-येण्याचे 1,00,000 रुपयांपर्यंत देण्यास तयार आहेत. 150 पर्यटक 40,000 रुपयांपेक्षा अधिक देणार नाहीत. दोन्ही फेऱ्यांचा एकूण खर्च 85 लाख रुपये आहे.

कंपनीने सर्वांसाठी 1,00,000 रुपये हे एकच भाडे ठेवले तर केवळ 40 प्रवासी येतील आणि उत्पन्न 40 लाख होईल. सर्वांसाठी 40,000 रुपये ठेवले तर 190 प्रवासी येतील, पण उत्पन्न 76 लाखच होईल. दोन्ही स्थितींत तोटा आहे. अशी सेवा टिकणार नाही. मात्र दोन भाडी ठेवली, म्हणजे शनिवारच्या मुक्कामासह 40,000 आणि विनाअट 1,00,000, तर उत्पन्न अनुक्रमे 60 लाख व 40 लाख, म्हणजे एकूण 1 कोटी होते. खर्च भागून 15 लाख उरतात.

आता एकेरी तिकिटाचे भाडे किती ठेवावे? स्वस्त परतीच्या भाड्याच्या निम्मे, म्हणजे 20,000 रुपये, हे न्याय्य वाटते. परंतु तसे केल्यास कामाचा प्रवासी सोमवारी जाण्याचे एक आणि बुधवारी येण्याचे दुसरे अशी दोन एकेरी तिकिटे घेईल. त्याला 40,000 रुपयेच पडतील आणि शनिवारी थांबण्याची गरजही उरणार नाही. कुंपण कोसळेल, उत्पन्न 76 लाखांवर येईल आणि तोटा सुरू होईल. हे टाळायचे तर दोन एकेरी तिकिटांची बेरीज महाग परतीच्या भाड्यापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजेच एकेरी भाडे किमान 50,000 रुपये ठेवणे भाग आहे. स्वस्त परतीचे तिकीट 40,000 रुपयांचे आहे. विसंगती सिद्ध झाली.

यावरून सर्वसाधारण नियम असा मांडता येईल: एकेरी भाडे महाग परतीच्या भाड्याच्या निम्म्याशी बांधलेले असते, स्वस्त परतीच्या भाड्याशी नव्हे. महाग भाडे स्वस्त भाड्याच्या दुपटीहून अधिक झाले, की एकेरी तिकीट स्वस्त परतीच्या तिकिटापेक्षा महाग होते. फरक दुपटीहून कमी असेल तर ही विसंगती दिसणार नाही.

कुंपणातील फटी

कोणतेही कुंपण अभेद्य नसते. वरील उदाहरणात एकेरी प्रवासी 40,000 रुपयांचे परतीचे तिकीट घेऊन परतीचा भाग न वापरता सोडून देऊ शकतो. त्याचे 10,000 रुपये वाचतात. कामाचा प्रवासीही दोन स्वस्त परतीची तिकिटे, एक आपल्या शहरातून निघणारे व दुसरे परक्या शहरातून निघणारे, घेऊन दोन्हींचा केवळ पहिला भाग वापरू शकतो. त्याला 1,00,000 ऐवजी 80,000 रुपये पडतात.

हे रोखण्यासाठी कंपन्या तिकिटाचे भाग क्रमानेच वापरण्याची अट घालतात. पहिला भाग न वापरल्यास पुढील प्रवास बहुधा रद्द होतो. म्हणून एखाद्यास केवळ परतीचा प्रवास हवा असल्यास स्वस्त जाण्या-येण्याचे तिकीट घेऊन पहिला भाग सोडणे ही घोडचूक ठरते. विमानतळावर त्याचे नाव यादीतच नसते. शेवटचा भाग सोडल्यास रद्द होण्यासारखे काही उरत नाही, परंतु अनेक कंपन्यांच्या करारात भाड्याची फेरआकारणी करण्याचा अधिकार राखलेला असतो. लुफ्तान्सा कंपनीने ऑस्लो–सिअ‍ॅटल परतीच्या तिकिटावरील फ्रँकफर्ट–ऑस्लो हा शेवटचा टप्पा सोडणाऱ्या प्रवाशाविरुद्ध सुमारे 2,100 युरोंचा दावा केला होता. डिसेंबर 2018 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तो फेटाळला. फेरआकारणीची पद्धत प्रवाशाला समजेल इतकी स्पष्ट नव्हती, हा त्यातील मुख्य मुद्दा होता.

तिसरा प्रवासी

आतापर्यंतच्या विवेचनात दोनच प्रकारचे प्रवासी होते. प्रत्यक्षात तिसराही असतो: ज्याला खरोखर एकाच दिशेने जायचे आहे. शिक्षणासाठी परदेशी निघालेला विद्यार्थी दोन वर्षांनी परतणार असतो, तर परतीच्या तिकिटाची मुदत सामान्यतः फार तर एक वर्षाची असते. कोकणातून किंवा गोव्यातून जहाजावर रुजू होण्यास निघालेला खलाशी कोणत्या बंदरातून व कोणत्या तारखेला सुटेल, हे निघताना निश्चित नसते. हे दोघेही श्रीमंत व्यावसायिक नाहीत. एकेरी भाड्याचा चढा दर त्यांच्यासाठी योजलेला नाही, तरी तो त्यांना सोसावा लागतो. द्यूप्युई यांच्या बिनछपराच्या डब्यातील प्रवाशाचीच ही स्थिती होय.

बाजाराने यावर शोधलेला उपायही मूल्यभेदाचाच आहे. अनेक कंपन्या विद्यार्थ्यांसाठी आणि जहाजावरील कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र एकेरी भाडी ठेवतात. त्यांत बहुधा अधिक सामानाचीही मुभा असते. येथे कुंपण मुक्कामाचे नसून ओळखीचे असते. विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र वा व्हिसा, खलाशाची नोंदवही ही कागदपत्रे कामाच्या प्रवाशाजवळ नसतात, म्हणून एकेरी भाडे कमी करूनही गळती होत नाही. अशा प्रवाशाने साधे एकेरी भाडे पाहून थांबू नये, या भाड्यांची स्वतंत्र चौकशी करावी.

मर्यादा

ही विसंगती सार्वत्रिक नाही. जेथे स्पर्धक कंपनी प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे विकते, तेथे दोन एकेरी तिकिटांची बेरीज करण्याचा मार्ग प्रवाशाला आपोआप मिळतो आणि प्रस्थापित कंपनीचे कुंपण निरुपयोगी होते. अमेरिकेत साउथवेस्ट, युरोपात रायनएअर यांसारख्या अल्पखर्ची कंपन्यांनी हेच केले. भारतातील देशांतर्गत प्रवासातही प्रत्येक दिशेचे भाडे सामान्यतः स्वतंत्रपणे ठरते, त्यामुळे मुंबई–दिल्ली मार्गावर हा अनुभव सहसा येत नाही. दुसरी मर्यादा फरकाच्या आकाराची आहे. महाग व स्वस्त भाड्यांतील अंतर फार वाढले, तर कामाचा प्रवासीही हॉटेलचा खर्च सोसून शनिवारी मुक्काम करणे पसंत करतो.

विसंगतीचे कारण ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. त्याच मार्गावर एकदा शनिवारच्या मुक्कामासह आणि एकदा सोमवार ते बुधवार अशी परतीची भाडी पाहावीत. दुसरे भाडे पहिल्याच्या दुपटीहून अधिक आणि एकेरी भाडे त्या दुसऱ्याच्या निम्म्याजवळ असेल, तर वर वर्णिलेले कुंपण तेथे उभे आहे असे समजावे.

समारोप

सारांश, एकेरी तिकिटाचे चढे भाडे हे दोन बाजार वेगळे ठेवण्यासाठी उभारलेल्या कुंपणाचा भाग आहे. अंतर, इंधन किंवा आसन यांच्या खर्चाशी त्याचा संबंध नाही. या व्यवस्थेमुळे पर्यटकाला स्वस्त प्रवास मिळतो आणि उदाहरणात दिसल्याप्रमाणे काही मार्गांवरील सेवा टिकूनही राहते. तिचा भार मात्र कामाच्या प्रवाशाबरोबरच एका दिशेने जाणाऱ्या सामान्य माणसावरही पडतो. मूल्यभेदाचे मूल्यमापन करताना विक्रेत्याचे एकूण उत्पन्न पाहणे पुरेसे नाही. कुंपण ज्याच्यासाठी घातलेच नव्हते, असा कोण त्यात अडकला, हेही पाहावे लागते.